चारही कोपरे शाबूत

माझ्या जुन्या घरमालकांच्या घरात धड चार कोपऱ्यांचा कागद सापडणं कठीण होतं. वर्तमानपत्र, कॅलेंडर, विजेचं बिल, लग्नपत्रिका, काहीही उचला, एक कोपरा गायब. काका विचारात पडले की त्यांचा हात आपोआप जवळच्या कागदाकडे जायचा, कोपरा फाडायचा, बोटांत वळून त्याची बारीक सुरळी करायचा आणि ती सुरळी कानात जायची. मग डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून ते जे सुख भोगायचे, ते पाहून समोरच्यालाही कान कोरावासा वाटे. वापरलेल्या सुरळ्या सदऱ्याच्या खिशात जमायच्या आणि धुण्यात त्यांचा लगदा व्हायचा.

"लग्न झाल्यापास्नं मी याच सुरळ्या उपसतेय," काकू म्हणायच्या. "माणसाच्या खिशात पैसा सापडतो, चिठ्ठी सापडते. आमच्याकडं लगदा."

काकांना हे मान्य नव्हतं. "रद्दी कागदाचा घेतो मी. पक्क्या कागदाला माझा हात लागत नाय," असं ते छातीवर हात ठेवून सांगत, आणि त्याच वेळी त्यांच्या मांडीवर माझ्या भाडेपावतीचा कोपरा कमी झालेला असे.

मी तेव्हा चिकलठाण्याच्या एका कंपनीत स्टोअरला होते. परभणीहून नोकरीसाठी आलेली, एकटी, आणि सिडकोत काकांच्या घराची वरची खोली मला मिळालेली. गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. शहर चारी बाजूंनी सुटलं होतं. आज जिथं ज्वारीची ताटं उभी, तिथं सहा महिन्यांनी प्लॉटचे दगड. माणसं वाढत होती आणि पाणी आटत होतं. सलग दोन वर्षं पाऊस रुसलेला, जायकवाडी तळाला गेलेलं, नळाला चौथ्या दिवशी पाऊण तास पाणी. त्या पाऊण तासाचे राजे आमचे काका. हौदावर त्यांनी खडूने रेघा मारल्या होत्या. वरच्या खोलीला सहा बादल्या, त्यात सातवी मागितली तर अर्ज करावा लागे. मी ही गोष्ट गमतीनं सांगत नाही. मी अर्ज केलेला आहे. 'पाहुणी आल्याने एक बादली जादा मिळणेबाबत.' त्यावर त्यांनी लाल शाईनं शेरा मारला: 'अर्धी मंजूर.'

कारण काका निवृत्त झाले होते ते पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून, आणि सारा जन्म त्यांनी मसुदे लिहिण्यात घालवला होता. साहेब फक्त सही करायचे, भाषा काकांची. ती सवय त्यांनी घरी आणली. जिन्याशी एक फळी होती, तिच्यावर सूचना लागत. स्वयंपाकघरात चिठ्ठ्या जात. एकदा चहाच्या कपाखाली मी स्वतः वाचलेली चिठ्ठी अशी होती: 'आजच्या चहात साखर कमी आढळून आली. खुलासा व्हावा.'

काकू आतून ओरडल्या होत्या, "खुलासा संपला म्हणावं! साखरेबरोबरच आणा दुकानातून!"

पण पत्र म्हटलं की हाच माणूस वेगळा व्हायचा. पत्राबद्दल त्यांची काही ठाम मतं होती आणि ती ते जिन्यात उभं करून ऐकवत. कामाचं पत्र डोक्यानं लिहावं, मायेचं पत्र कानानं. मायेचं पत्र पेटीत टाकण्याआधी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवावं. "कागदावर खोटं लपतं स्टोअरबाई, कानाला बरोबर सापडतं." मला ते स्टोअरबाईच म्हणायचे. आंतरदेशीय पत्र कसं भरावं हेही त्यांनीच मला शिकवलं. वरती मधोमध 'श्री'. उजव्या हाताला गाव आणि तारीख. मग मायना. मग लगेच दुखणी आणि कामं काढायची नाहीत. आधी खुशाली, मग जुनी आठवण, मग काय ते. डिंकाच्या पट्टीपासून बोटभर जागा सोडायची, नाहीतर फोडताना नेमका महत्त्वाचा शब्द फाटतो. आणि शेवटची जी छोटी घडी असते, ती घरातल्या माणसांसाठी राखायची: थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. "ती घडी ज्यानं मोकळी सोडली, तो माणूस घरात कुणाला ओळखत नाय असं समजायचं."

इतकं सगळं येणाऱ्या या माणसाला तीस वर्षांत मायेचं पत्र म्हणून कुणाला लिहावंच लागलं नव्हतं. मुलगी पुण्याला, तिचा रोज फोन. भावंडं गेलेली. मित्र एकच होता, आणि त्याचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे.

त्याला काका टोल्या म्हणत. दोघं लहानपणी अजिंठ्याला एका शाळेत होते. लेण्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता; काकांचे वडील कचेरीत कारकून, टोल्याचे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, दोघंही बदलीवर आलेले. शाळेत घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि टोल देण्याचा मान त्या मुलाकडे होता, म्हणून तो टोल्या. एवढं मला काकूंनी सांगितलं. पुढं सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. बहात्तरच्या दुष्काळात काका दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला होते, तेव्हा त्यांना मुलगी झाली. आधीची दोन मुलं राहिली नव्हती. ही जगली. तिच्या बारशाला काकांनी टोल्याला पत्रानं बोलावलं. तो आला नाही. पत्राची साधी पोचही आली नाही.

"तेव्हापास्नं हे गप," काकू म्हणाल्या. "एवढा जिवाचा मैतर, अन् पोरीच्या बारशाला दोन ओळी नायत."

काकांना मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, "त्याच्या नावानं मी कधीच अंघोळ केलीय," आणि हौदाकडे निघून गेले.

मग एका रविवारी सकाळी ते वर्तमानपत्र घेऊन माझ्या दारात उभे राहिले. कधी न चढणारे काका जिना चढून वर आले होते आणि धापा टाकत होते. वाचकांच्या पत्रांच्या सदरावर त्यांचं बोट होतं. पत्र मेहकरचं होतं, एका निवृत्त शिक्षकाचं. मजकूर असा की गावात टँकर कधी येतो ते कळत नाही, बायाबापड्या उन्हात ताटकळतात, तरी पालिकेनं टँकर येण्याआधी वीस मिनिटं घंटा वाजवावी.

"वीस मिनिटं!" काका म्हणाले. "बघा! वीसच! नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच. पण नावाचं सोडा. वीस मिनिटं म्हणणारा दुसरा कोण असतो?"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी पायरीवर बसून ती गोष्ट सांगितली. चौथीत असताना काकांचं गणित झालेलं नव्हतं. शेवटचा तास गणिताचा, आणि गुरुजींचा हात असा की दोन दिवस पाटी धरता येऊ नये. काकांनी टोल्याकडे नुसतं पाहिलं. टोल्या पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेला आणि त्यानं शाळा सुटल्याचे टोल देऊन टाकले, वीस मिनिटं आधी. सगळी शाळा ओरडत घरी. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी टोल्याला झोडपला, घंटेचा मान काढून घेतला, पण कुणासाठी केलं ते त्यानं सांगितलं नाही. पुढं कितीतरी वर्षं दोघं भेटले की रामराम नाही की नमस्कार नाही. काका विचारायचे, "टोल्या, शाळा सुटली का रे?" आणि तो म्हणायचा, "सुटली, वीस मिनिटं आधी."

सांगून झाल्यावर काका बराच वेळ हसत होते. मग एकाएकी त्यांचा चेहरा उतरला.

"संपादकाला लिहितो," ते म्हणाले. "हात धड आहे, डोळे धड आहेत, शाई आहे. संपादकाला लिहितो लेकाचा, मला नाय."

"मग तुम्ही लिहा ना काका."

"मी का म्हणून? पत्र माझं गेलेलं आहे. उत्तर त्याच्याकडं प्रलंबित आहे."

हे असं आठवडाभर चाललं. पण त्या आठवड्यात फळीवर एकही सूचना लागली नाही, आणि नळ आला तेव्हा माझ्या बादल्या मोजल्या गेल्या नाहीत. मी आठ भरल्या. कुणी विचारलं नाही तेव्हा मात्र मला काळजी वाटली. माणूस आतून हलला होता. सत्तरीकडे झुकलेला, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारा माणूस; एक तर रागातच जायचा, नाहीतर लिहून मोकळा व्हायचा. मी आणि काकूंनी ठरवलं की लिहायला लावायचंच.

पहिला मसुदा त्यांनी मला जिन्यात वाचून दाखवला. मी कामावरून आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या.

"विषय: मैत्रीबाबत. संदर्भ: माझे बारशाचे निमंत्रण, उत्तर अप्राप्त. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की..."

"काका," मी म्हटलं, "ही नोटीस आहे."

"स्मरणपत्र आहे."

"त्यांच्या घरी पोलिस आल्यासारखं वाटेल."

ते चिडून आत गेले. दुसऱ्या मसुद्यात 'महोदय' जाऊन 'राजमान्य राजश्री' आलं होतं. तिसऱ्यात 'प्रिय मित्र'. मायन्यावर तीन दिवस गेले. त्यांची अडचण मला नंतर कळली. टोल्या म्हणून लिहावं तर तो आता सुना-नातवंडांचा धनी. पत्र नातवानं फोडलं तर? आणि पूर्ण नावानिशी लिहावं तर ते पत्र एका निवृत्त शिक्षकाला जाणार, टोल्याला जाणारच नाही. बरं, मायना सुटला तरी तिसऱ्या ओळीला गाडी बारशावर येऊन थांबायची. काकांचा आवाज चढायचा, हात कागदाचा कोपरा फाडायचा आणि मसुदा बाद व्हायचा.

"फोन करा की मग," मी एकदा कंटाळून म्हणाले. "मेहकरला कुणाला तरी विचारून नंबर मिळेल."

"फोनवर राग ऐकू जातो," काका म्हणाले. "पत्रात तो खोडता येतो."

शेवटी काकूंनी सोडवलं. त्या जिन्याखाली गहू निवडत बसल्या होत्या आणि चौथा मसुदा ऐकत होत्या. "तुम्हाला तो रस्त्यात भेटला असता तर पहिल्यांदा काय बोलला असता? बारशाला का नाय आलास, असं?"

काकांनी मसुद्याची घडी घातली.

"मग तोंडात जे आलं असतं ते लिहा. भांडण काय, ते पानाच्या मागं बी मावतं."

त्या संध्याकाळी त्यांनी एकटाकी लिहिलं. दुसऱ्या दिवशी मला वाचून दाखवलं तेव्हा घसा तीनदा साफ केला.

"टोल्या, शाळा सुटली का रे? तुला अनेक अनेक नमस्कार. मी खुशाल आहे. केस गेले, दात अर्धे गेले, कान शाबूत आहेत. तुझं टँकरचं पत्र वाचलं आणि तुला ओळखलं. अरे, तू मास्तर झालास? म्हणजे शाळा रोज वेळेवर सोडावी लागली असेल. देवानं बरा सूड घेतला. तुला आठवतं का, गुरुजींनी तुला मारलं त्या दिवशी मी माझ्या वाट्याचा गूळ तुला दिला, आणि तू तो रडत रडत खाल्लास, अर्धा मला परत दिलास आणि म्हणालास, मार एकट्यानं खाल्ला तरी गूळ दोघांनी खायचा..."

पुढं पान भरून असंच होतं. ओढ्यातली भिजलेली पुस्तकं, कंपाउंडरकाकांच्या बाटलीतलं गोड औषध, डोंगरावरची सीताफळं. बारशाचा उल्लेख होता, पण एकच वाक्य: 'माझी लेक तुझ्या आशीर्वादावाचून मोठी झाली, आता तरी दे.' शेवटच्या छोट्या घडीत वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि कंसात 'नावे माहीत नाहीत, तुझा दोष.' काकूंनी गव्हातला खडा असल्यासारखं डोळ्यांना बोट लावलं.

पत्ता पूर्ण ठाऊक नव्हता. काकांनी नावापुढे लिहिलं, निवृत्त शिक्षक, मुक्काम पोस्ट मेहकर, जिल्हा बुलडाणा. त्याखाली बारीक अक्षरात: 'पोस्टमनदादा, घर न सापडल्यास शाळेत विचारावे. जो माणूस सगळीकडे वेळेच्या आधी पोचतो तोच हा.' मागं आपला पत्ता, पिनकोडसकट. पत्र घडी घालून, डिंक ओला करून, वरून वाटी फिरवून चिकटवलं. पेटीतलं टपाल उचलण्याची वेळ दहाची होती. पण त्या दिवशी नळाची पाळी होती आणि पाणी यायचं होतं, म्हणून काका हौदाजवळ खुर्ची टाकून, पत्र मांडीवर ठेवून बसले.

मी वरून बादल्या घेऊन उतरत होते. काकू पाईप लावत होत्या. त्यांनी सहज मागं पाहिलं आणि पाईप हातातून सोडला.

"अहो! कोपरा!"

काका डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून बसले होते. कानात निळसर सुरळी होती. मांडीवर पत्राला तीनच कोपरे होते.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कुणी वारलं की त्या बातमीच्या पत्राचा कोपरा फाडत. वरती 'श्री' लिहीत नसत. तसं पत्र घरात आणत नसत. बाहेरच उभ्यानं वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. कुणाला अक्षरओळख नसली तरी तो कोपरा कळायचा.

"कुणी मेलंय का आपल्यात? असं पाठवणार होता?" काकू कडाडल्या.

काकांनी कानातली सुरळी काढली, बोटांत धरून पाहिली. मग पत्राकडे पाहिलं. नळाला पाणी आलं होतं आणि वाहून चाललं होतं, पण या माणसानं तिकडे मान वळवली नाही. तेव्हा मला कळलं की काहीतरी झालंय.

"बारशाचं पत्र," ते हळूच म्हणाले. "ते मी कुठं बसून लिहिलं होतं गं?"

"कामावर. तंबूत," काकू म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. "अन् त्या आठवड्यात सदरा धुवायला नव्हता, पाणी कुठं होतं. खिशातल्या सुरळ्या मी कोरड्याच काढल्या. त्यात एक निळी होती. मला वाटलं कचेरीच्या कुठल्या फायलीची असंल."

काका उठून उभे राहिले आणि परत बसले. "म्हणजे मीच," ते म्हणाले. "अगं, म्हणजे त्याच्या लेखी मी मेलोय."

तीस वर्षांचा राग एका क्षणात फिरून त्यांच्याच अंगावर आला होता. अर्थात हा सगळा अंदाजच होता. पत्र गहाळही झालं असेल, मी म्हणून पाहिलं. पण काकांना पटेना, आणि पुढची काळजी त्याहून मोठी निघाली. टोल्याही सत्तरीचा. ज्याला तीस वर्षांपूर्वी मेलेला मानलं त्याचं पत्र एके दुपारी हातात पडलं, तर त्या म्हाताऱ्याचं काय होईल?

"छातीतच कळ यायची त्याच्या," काका म्हणाले. "नकोच ते पत्र. जिवंत आहे ना तो, बास झालं."

"आणि तुम्ही?" काकू म्हणाल्या. "तुम्ही मेलेलेच राहणार का?"

मी सायकल काढून पोस्टात गेले आणि नवी तीन आंतरदेशीय पत्रं आणली. काकांनी तोच मजकूर पुन्हा उतरवायला घेतला, आणि मला पहिल्यांदा कळलं की पत्राची सुरुवात हसतमुख का लागते. खाली सही वाचून माणूस दचकायच्या आत त्याला वरच्या दोन ओळींत कळायला हवं होतं की हा तोच आहे, हसतोय, आणि भूत नाही. 'श्री' त्यांनी एवढा मोठा काढला की अर्धी ओळ गेली. त्याखाली 'टोल्या, शाळा सुटली का रे?' आणि लगेच पुढं नवीन वाक्य: 'घाबरू नकोस, मी आहे, आत्ता हौदाजवळ बसून लिहितोय, आणि बायको ओरडते आहे.' अक्षर स्वतःचंच ठेवलं, हात कापत होता तरी मला लिहू दिलं नाही. "माझं अक्षर तो ओळखंल. मेलेल्याचं अक्षर कापत नाय."

लिहिताना मी त्यांचा डावा हात धरून बसले होते. काकूंनी आसपासचे सगळे कागद उचलून नेले. चिकटवून झाल्यावर काकू आतून करंडा घेऊन आल्या. लग्नपत्रिकेला लावतात तसं चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावणार होत्या. काकांमधला कारकून तेवढ्यातही जागा झाला.

"आत काही ठेवू नये, असं छापलंय त्याच्यावर."

"आत कुठं ठेवते? वरनं लावते. एवढं चालतंय सरकारला."

मी ते पत्र पेटीत टाकलं नाही. स्टेशनवरच्या आरएमएसला, रेल्वेच्या टपाल कचेरीत, जाऊन दिलं, आणि शिक्का मारणाऱ्याला चारही कोपरे दाखवून घेतले. तो माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहत होता.

मग नऊ दिवस गेले. काकांनी त्या नऊ दिवसांत एकही कोपरा फाडला नाही. कान खाजला की बोट घालत. पोस्टमन गल्लीत वळला की ते आत जाऊन बसत आणि काकूंना पाठवत. आठव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बातमी वाईट असती तर एवढ्यात कळली असती ना, स्टोअरबाई?" मी हो म्हटलं. मला काही माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. पोस्टमननं ते काकूंच्या हातात दिलं. काकूंना वाचता येत होतं, पण त्यांनी मजकूर पाहिलाच नाही. आधी बोटानं चारही कोपरे चाचपले, वरचा 'श्री' पाहिला, आणि मग घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हाय! समदे हायत!"

ते कार्ड मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ आहे.

'श्री. सुटली, वीस मिनिटं आधी. गाढवा, तुझं पत्र शाळेच्या शिपायानं आणून दिलं. मी ओसरीवर बसून तासभर रडलो, घरच्यांना वाटलं कुणी गेलं. मी म्हणालो, गेलं नाही, आलं. बहात्तरला मी परगावी शाळेवर होतो. पत्र आईच्या हातात पडलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोपरा वाचता येत होता. पोस्टमननं औरंगाबादचं म्हणून सांगितलं, आणि औरंगाबादेत आपलं तुझ्यावाचून कोण? तिनं कुणाकडून वाचून न घेता ते दारातच फाडून टाकलं आणि मला निरोप धाडला. वहिनींना मी सांत्वनाचं लिहिलं, ते पत्र, पत्ता सोडून गेले, असा शेरा घेऊन परत आलं. मला वाटलं, त्या माहेरी गेल्या. तुझ्या नावानं मी अंघोळ केली. गावात माणशी दोन तांबे पाणी होतं, ते दोन्ही मी डोक्यावर ओतले आणि दिवसभर तहानेला राहिलो. लेकीला आशीर्वाद. पाणी परत घ्यायला येतो आहे. येत्या गुरुवारी.'

सांत्वनाचं पत्र परत गेलं ते खरंच होतं. दुष्काळी काम हललं तसं काकांनी बिऱ्हाड हलवलं होतं.

काकांनी कार्ड वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "मी नुसतं तोंडानं म्हणायचो," ते म्हणाले. "त्याच्या नावानं अंघोळ केली, असं. त्यानं खरीच केली. दुष्काळात." आणि ते जिन्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मीही रडले, पण असं हलकं रडू मला आधी कधी आलं नव्हतं.

गुरुवारी नळ नव्हता. शुक्रवारची पाळी होती. बुधवारी संध्याकाळी कामावरून आले तर जिन्याच्या फळीवर कितीतरी दिवसांनी सूचना लागली होती, कोरी, करकरीत: 'उद्या वरच्या मजल्यास पाणी मिळणार नाही. पाहुण्यांची अंघोळ प्रलंबित आहे.'

टोल्या नावाचे ते उंच, वाकलेले, धोतर-टोपीतले गृहस्थ अकराच्या गाडीनं येतील असा काकांचा हिशेब होता. दहा चाळीसला फाटक वाजलं. काका दारात उभे होते ते तिथंच उभे राहिले. शेवटी पाहुणेच म्हणाले, "अरे, विचार की!"

"शाळा," काका म्हणाले, आणि पुढं त्यांना काही म्हणता आलं नाही.

न्हाणीघरात दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या, काठोकाठ, एक ऊन आणि एक गार. ज्यानं मला अर्धी बादली मंजूर केली होती त्यानं स्वतः त्या हौदातून उपसल्या होत्या. पाहुणे अंघोळीला गेले तसे काका न्हाणीच्या दाराबाहेर पाटावर बसले. आतून पाण्याचा आवाज येत होता, एक तांब्या, दोन तांबे, मग आवाज थांबला.

"बास झालं रे," आतून टोल्या म्हणाले. "दोनच होते. फिटलं."

"ओत मुकाट्यानं," काका बाहेरून ओरडले. "मी हितं बसलोय, मोजत नाय."